प्लेटा तुम्ही घासल्या का?

चाकणच्या एका कारखान्यात मी प्रेस शॉपला, म्हणजे डाय नावाच्या साच्यात धातू दाबून भाग काढतात त्या विभागात, प्रॉडक्शन इंजिनिअर आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे लाइन लीडरची जागा निघाली आणि मी अर्ज केला. पॅनेलवर तिघं होते: प्लांट हेड साहेब, एचआरच्या मॅडम आणि दुसऱ्या युनिटचे एक मॅनेजर. बसल्या बसल्या साहेबांनी विचारलं, "वर्षभरातलं एक काम सांगा, ज्याचं तुम्हाला समाधान आहे."

त्याची तयारी मी केलीच होती. म्हटलं, "आम्ही २५० टनी प्रेसवर डाय बदलायचा वेळ ८२ मिनिटांवरून ३४ मिनिटांवर आणला."

"छान. यात तुम्ही काय केलंत?"

"आम्ही सगळ्यात आधी व्हिडिओ काढले. मग कुठे वेळ जातो ते बघितलं, ट्रॉली बनवली, डायांची उंची एकसारखी केली."

"हो, पण तुम्ही?"

"सर, ते आपण सगळ्यांनी मिळूनच केलं."

साहेब हसले. "आपण म्हणजे त्यात मीही आलो. मी तर त्या प्रेसपाशी उभासुद्धा राहिलो नव्हतो." दुसऱ्या युनिटच्या मॅनेजरांनी तोच प्रश्न जरा फिरवून पुन्हा विचारला. मी पुन्हा टीमचं सांगत बसले. बाहेर आले तेव्हा मला वाटत होतं की मुलाखत चांगली झाली.

जागा दुसऱ्याला मिळाली. आठवड्याने एचआरच्या मॅडमनी बोलावून कारण सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. त्या म्हणाल्या, "टीमने काय केलं ते छान कळलं. तुम्ही त्या टीममध्ये होतात तेही कळलं. तुम्ही तिथे नेमकं काय करत होतात, ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. आम्हाला टीम निवडायची नव्हती, एक माणूस निवडायचा होता."

मला ते लागलं, कारण ते काम मी अक्षरशः अंगावर घेतलं होतं. पण स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की जीभ जड होते. 'मी मी करू नये' हे घरात लहानपणापासून ऐकलेलं. बाबा तर कुणी स्वतःची बढाई सांगायला लागलं की उठून आत जायचे. ते संस्कार वाईट आहेत असं मला आजही वाटत नाही. पण त्यांच्यामुळे पॅनेलला माझी खरी माहिती मिळाली नाही, हेही तितकंच खरं होतं.

घरी आल्यावर त्याच प्रश्नाचं उत्तर मी फोनवर रेकॉर्ड केलं, मुलाखतीत दिलं तसंच. तीन मिनिटांचं होतं. वही घेऊन ऐकत बसले आणि प्रत्येक वाक्याचा कर्ता लिहीत गेले. 'आम्ही' अकरा वेळा आलं होतं. 'मी' एकदाच, तेही 'मी सांगते' मध्ये. पण मला चकित केलं ते उरलेल्या वाक्यांनी. त्यांना कर्ताच नव्हता. 'व्हिडिओ काढले. यादी केली. ट्रॉली बनवली. क्वालिटीशी बोलणं झालं.'

आपल्या भाषेत हे फार सहज होतं. 'मी यादी केली' आणि 'आम्ही यादी केली', दोन्हीकडे क्रियापद 'केली'च राहतं, कारण ते यादीप्रमाणे चालतं, करणाऱ्याप्रमाणे नाही. त्यामुळे 'मी' किंवा 'आम्ही' गाळलं की एकानं केलं की दहांनी, हे कळायला काही जागाच उरत नाही. बोलणाऱ्याच्या डोळ्यासमोर माणूस असतो म्हणून त्याला काही कमी वाटत नाही. ऐकणाऱ्याला मात्र नुसती झालेली कामं ऐकू येतात. 'मी त्यांच्याशी बोलले' किंवा 'मी रात्रपाळीला थांबले' अशी वाक्यं असली की क्रियापदच माझ्याकडे बोट दाखवतं. कामाबद्दलचं तसं वाक्य माझ्या तीन मिनिटांत एकही नव्हतं. ऑफिसच्या कागदांवर तर याहून कठीण अवस्था. माझ्या वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये मीच लिहिलेलं वाक्य होतं: 'सेटिंगचा वेळ कमी करण्यात आला.' कुणाकडून, ते देव जाणे.

मग मी मूळ कामाकडे परत गेले. डाय बदलायचा वेळ आम्ही असा मोजतो: जुन्या भागाचा शेवटचा चांगला नग पडला तिथपासून नव्या भागाचा पहिला चांगला नग मिळेपर्यंत. माझ्या शिफ्टच्या डायरीत आणि व्हिडिओंच्या नोंदींत सगळं होतं. ८२ मिनिटांपैकी २९ मिनिटं नुसती डाय आणण्यात, क्रेनची वाट बघण्यात आणि बोल्ट, पॅकिंग शोधण्यात जात होती. १३ मिनिटं शट हाइट लावण्यात, म्हणजे रॅम, प्रेसचा वरखाली होणारा भाग, खाली आल्यावर त्याच्यात आणि खालच्या पाटात राहणारं अंतर डायप्रमाणे जुळवण्यात. १६ मिनिटं पहिला नग क्वालिटीकडे पाठवून तो पास होऊन येईपर्यंत. उरलेली २४ मिनिटं खरं काम: जुनी डाय सोडणं, नवी बसवणं, क्लॅम्प आवळणं. काम संपल्यावर हेच आकडे ३, ४, ७ आणि २० झाले होते. बेरीज ३४.

या चार आकड्यांसमोर मी एक रकाना काढला: कोणी.

पहिला आकडा मी माझा समजत होते. प्रेस चालू असताना करता येण्यासारखी कामं आणि प्रेस थांबवूनच करावी लागणारी कामं, ही विभागणी मी केली होती. चालू लॉट संपायच्या आत पुढची डाय, बोल्ट, पॅकिंग आणि पाने ट्रॉलीवर हजर हवेत, ही यादीही माझीच. पण त्या दिवशी व्हिडिओ पुन्हा बघताना एक गोष्ट दिसली. तिसऱ्या पाळीच्या व्हिडिओत हेल्पर प्रेसच्या पायाशी एक निळी प्लास्टिकची बादली ठेवतो. त्यात लागतील तेवढेच टी-बोल्ट आणि नट, आधीच मोजून. त्या पाळीत बोल्ट शोधायला कुणी हललंच नव्हतं. ट्रॉलीचा विचार माझ्या डोक्यात आला तो ही बादली बघूनच आणि वर्षभर मी 'ट्रॉलीची कल्पना आमची' असं सांगत होते. 'आम्ही' म्हणण्यात मी विनय दाखवत होते, असा माझा समज होता. त्या 'आम्ही'त तो पोरगा दिसेनासा झाला होता आणि मीही.

तो रकाना मी एवढ्यावरच सोडला, तिथे माझं चुकलं. तिमाहीच्या कायझेन, म्हणजे छोट्या सुधारणांच्या, सादरीकरणात मला हेच काम मांडायचं होतं. एचआरच्या मॅडमचं वाक्य डोक्यात ताजं होतं. मी सगळ्या स्लाइडमधले 'आम्ही' काढून 'मी' घातले. मी विश्लेषण केलं, मी ट्रॉली आणली, मी सहा डायांची उंची एकसारखी केली. बोलताना आवाजही खणखणीत निघाला.

पुढच्या रांगेत टूलरूमचे मिस्त्री बसले होते. तीस वर्षं डाया घडवण्यात गेलेला माणूस. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. सादरीकरण संपल्यावर चहाच्या टेबलापाशी ते आले, कप हातात धरून शांतपणे म्हणाले, "मॅडम, प्लेटा तुम्ही घासल्या का?"

मला उत्तर सुचलं नाही. डायांची उंची एकसारखी करायची कल्पना त्यांची. प्रत्येक डायची उंची वेगळी असल्यामुळे दर वेळी रॅम वरखाली करायचा, एक स्ट्रोक मारून बघायचा, पुन्हा फिरवायचा, यात ती १३ मिनिटं जायची. काकांचं म्हणणं होतं की सहांतली सर्वात उंच डाय तशीच ठेवायची आणि बाकी पाचांच्या खाली प्लेटा लावून त्यांना तिच्या बरोबरीला आणायचं. त्याबरोबर क्लॅम्प बसतो तिथली उंचीही सगळ्यांची एक करायची, मग बोल्टही एकाच लांबीचे. त्या प्लेटा त्यांनी स्वतः ग्राइंडरवर लावल्या होत्या. मी फक्त बघत उभी होते आणि स्लाइडवर लिहिलं होतं, 'मी केली'.

मी तिथेच त्यांची माफी मागितली आणि त्याच संध्याकाळी सुधारलेली स्लाइड सगळ्यांना पाठवली. त्यानंतर मला एक गोष्ट सुचली, जी खरं तर आधी सुचायला हवी होती. आपला वाटा आपण एकट्याने बसून ठरवायचा नाही, ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांना विचारायचा. दुसऱ्या दिवशी मी टूलरूममध्ये गेले आणि काकांना सरळ विचारलं, "या कामात माझं काय होतं असं तुम्हाला वाटतं? मोकळेपणाने सांगा."

काका म्हणाले, "तुम्ही डाया मोकळ्या करून दिल्यात. उंचीचं मी दोन वर्षं सांगत होतो, कोण ऐकत होतं? प्लॅनिंगवाले डाय हातातून सोडायलाच तयार नव्हते."

हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. ना फॉर्ममध्ये, ना स्लाइडवर, ना माझ्या रकान्यात. मला ते काम वाटलंच नव्हतं, ती नुसती धावपळ वाटली होती. झालं होतं असं: एका डायला प्लेट लावून, बसवून, ट्रायल घ्यायला पूर्ण दिवस लागणार होता. डाय दिवसभर बाहेर राहिली तर पुढच्या लाइनला भाग कमी पडतील, ही प्लॅनिंगची अडचण खरी होती. मी त्यांच्याशी तीनदा बोलले. आमच्या भागात गुरुवारी औद्योगिक सुट्टी असते. मी सुचवलं की दर गुरुवारी एकच डाय घ्यायची आणि त्याआधी त्या भागाचा दोन दिवसांचा जादा साठा करून ठेवायचा. सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या टूलरूमच्या दोघांना बदली सुट्टी मिळावी म्हणून मी माझ्या साहेबांकडून लेखी घेतलं. पाच डाया, पाच गुरुवार. पाचही गुरुवारी मी स्वतः हजर होते, कारण ट्रायलचा पहिला नग शुक्रवारी पहिल्या पाळीच्या आत पास व्हायला हवा होता.

हेल्परला विचारलं तर तो आधी लाजला. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही बादलीचा फोटो काढून नेलात, तेव्हा मला वाटलं ओरडा बसणार." ती बादली त्याने स्वतःच्या डोक्याने सुरू केली होती, कुणी सांगितलं नव्हतं. क्वालिटीच्या इंजिनिअरने स्पष्टच सांगितलं की तपासणीचं फिक्श्चर प्रेसच्या शेजारी आणून ठेवायचा निर्णय त्याचा आणि त्याच्या साहेबांचा. मी फक्त १६ मिनिटांचा आकडा त्यांच्यासमोर ठेवला होता. म्हणजे तिथे माझं 'मी' जवळजवळ नव्हतंच. तेही मी तसंच लिहून ठेवलं.

त्या आठवड्यात माझ्या वहीत जे तयार झालं, त्यातून मला एक रीत सापडली. निकाल सांगताना 'आम्ही', कारण ४८ मिनिटं कुणा एकट्याने वाचवली नव्हती. त्यानंतर माझं काम सांगताना 'मी', पण त्याच्यापुढे डोळ्यांना दिसेल असं क्रियापद. 'मी पुढाकार घेतला', 'मी समन्वय केला' अशी वाक्यं मी खोडून टाकली, कारण 'म्हणजे काय केलंत?' असं विचारलं की ती कोसळतात. 'मी प्लॅनिंगशी तीनदा बोलले आणि गुरुवारचं वेळापत्रक लावलं' हे वाक्य उभं राहतं. दुसऱ्याचं काम आलं की 'आम्ही'च्या आडोशाला न ठेवता सरळ त्याचं म्हणून सांगायचं: 'उंचीची कल्पना टूलरूमच्या मिस्त्रींची'. आश्चर्य म्हणजे दुसऱ्याचं काम असं वेगळं काढून सांगितलं की आपलं 'मी' उच्चारायला जीभ अडखळत नाही. बढाईची भीती मला वाटायची ती सगळंच आपल्या नावावर जाईल म्हणून. हद्द आखली की ती भीती राहत नाही.

प्रत्येक 'मी'च्या वाक्याला मी एकच कसोटी लावायचे. ते वाक्य काका शेजारी उभे असताना मी म्हणू शकेन का? म्हणू शकत असेन तर ठेवायचं.

'आपण'चंही कोडं सुटलं. प्लांटच्या सकाळच्या बैठकीत मी 'आपण ३४ वर आलो' म्हणते, कारण तिथे ऐकणारे सगळे त्या आकड्याचे धनी असतात. पॅनेलपुढे 'आपण' म्हटलं की समोरचा माणूसही कर्ता होतो, आणि मग त्याने प्रश्न तरी कुणाबद्दल विचारायचा?

आठ महिन्यांनी शेजारच्या लाइनला तीच जागा निघाली. पॅनेलवर प्लांट हेड तेच होते. प्रश्नही जवळजवळ तोच आला. या वेळी मी जे म्हणाले ते मला शब्दशः आठवतं, कारण वहीत लिहून मी ते अनेकदा मोठ्याने वाचलं होतं:

"डाय बदलायचा वेळ आम्ही ८२ मिनिटांवरून ३४ वर आणला. त्यात माझी दोन कामं होती. मी तिन्ही पाळ्यांचे व्हिडिओ काढून कुठे किती मिनिटं जातात ते मोजलं. आणि डायांची उंची एकसारखी करायला डाया मोकळ्या मिळत नव्हत्या, त्या मी पाच गुरुवारांत मोकळ्या करून दिल्या. उंचीची कल्पना आणि प्रत्यक्ष काम टूलरूमच्या मिस्त्रींचं. बोल्ट आधी जमवून ठेवायची पद्धत तिसऱ्या पाळीच्या हेल्परची, मी ती तिन्ही पाळ्यांना लावली. पहिला नग प्रेसपाशीच तपासायचं क्वालिटीने ठरवलं."

अर्धा मिनिटभराचं उत्तर. त्यानंतरचे सगळे प्रश्न माझ्या कामावर आले. प्लॅनिंगला कसं पटवलं, जादा साठा ठेवायला जागा कुठून आणली, तिसऱ्या गुरुवारी ट्रायल फसली असती तर काय केलं असतं. ही उत्तरं माझ्याकडे होती, कारण ती कामं माझी होती. मागच्या वेळी ते प्रश्न विचारायला त्यांना धागाच मिळाला नव्हता.

मध्येच साहेब म्हणाले, "तुम्ही नसतात तर हे झालं नसतं का?"

हा प्रश्न अवघड आहे आणि त्याचं ठरवून ठेवलेलं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी म्हटलं, "मोजमाप दुसऱ्या कुणीही केलं असतं, सर. डाया मात्र तेव्हा मोकळ्या झाल्या नसत्या. त्या आधीची दोन वर्षं झाल्या नव्हत्या."

मग विचारलं, काय चुकलं? इथे जुनी सवय पुन्हा जिभेवर आली होती. 'ट्रॉलीचं माप थोडं चुकलं होतं', असं वाक्य तयार होतं. कर्ता नाही, दोष कुणाचाच नाही. मी थांबले आणि म्हटलं, "पहिल्या ट्रॉलीचं माप मी घेतलं होतं. दोन प्रेसच्या मधली वाट मोजली, पण गार्डचं दार उघडल्यावर किती जागा उरते ते बघितलं नाही. ट्रॉली वळेना. फॅब्रिकेशनवाल्यांनी ती कापून पुन्हा जोडून दिली." दुसऱ्या युनिटच्या एक मॅडम होत्या पॅनेलवर, त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी लिहून घेतलं. यशाला 'मी' आणि चुकीला कर्ताच नाही, असं बोलणारा माणूस ऐकणाऱ्याला लगेच कळतो. त्यामुळे चुकीच्या जागी 'मी' म्हटलं की आधीच्या 'मी'वरही विश्वास बसतो, असं मला त्या खोलीत जाणवलं.

या रीतीच्या मर्यादा आहेत, त्याही सांगते. काही कामं खरोखरच वाटता येत नाहीत. २४ मिनिटांची २० झाली ती कुणामुळे? सेटर आणि हेल्पर दोघांचा हात बसला, बोल्ट एकाच लांबीचे झाले, घाई कमी झाली. तिथे मी 'आम्ही'च म्हणते आणि कुणी खोदून विचारलं तर 'हे वेगळं काढता येणार नाही' असं सांगते. काही वेळा नुसतं तिथे असणं हाच वाटा असतो, म्हणजे रात्री थांबणं, कुणाचं तरी ऐकून घेणं. त्याला क्रियापद शोधता येतं, पण आकडा जोडता येत नाही. तो ओढूनताणून जोडू नये असं माझं मत आहे. आणि ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांना विचारायचं, हे एकत्र असेपर्यंतच जमतं. काका पुढच्या वर्षी निवृत्त झाले. त्यांना आधी विचारलं नसतं तर माझं सर्वात मोठं काम मला कधीच कळलं नसतं.

जागा मला मिळाली. आता माझ्या लाइनवर पाळी बदलताना जे रजिस्टर भरतात, त्यात 'काय केलं'च्या शेजारी 'कोणी' हा रकाना आहे. सुरुवातीला सगळे तिथे 'टीम' लिहायचे. मी रागावले नाही, रोज पाच मिनिटं उभं राहून विचारत राहिले: यातलं कोणतं काम कोणाचं? परवा सकाळी रजिस्टर उघडलं तर रात्रपाळीच्या नव्या हेल्परच्या अक्षरात नोंद होती: 'डावा क्लॅम्प ढिला होत होता. मी वॉशर बदलला. आम्ही तीन नग मारून बघितले. दुसरा नग नापास, तो मी उलटा लावला होता.'

मी खाली सही केली आणि क्लॅम्प बघायला गेले.